अकरा तासांतले तीन तास

विमानतळावरच्या लाउंजच्या पासवर एक ओळ बारीक टायपात असते: मुक्काम प्रवेशापासून तीन तास. कुठे दोन असतात, कुठे चार, पण बहुतेक ठिकाणी तीनच. पास घ्यावा की नाही यावर लोक तावातावाने बोलतात ते बुफेत काय काय असतं, खुर्च्या किती मऊ आहेत आणि वाय-फाय पळतं का, याबद्दल. मला विचाराल तर सगळा हिशेब या ओळीपासून सुरू व्हायला हवा. लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला थांबा, चार तासांचा असेल तर तीन तासांचा पास जवळजवळ सगळा वेळ भरून काढतो. तोच लेओव्हर दहा-अकरा तासांचा झाला की पासने जेमतेम पाव वेळ निभतो आणि बाकीचा वेळ तुम्ही बाहेरच्या लोखंडी खुर्चीवरच काढता. ज्याला लाउंजची सगळ्यात जास्त ओढ लागते, त्यालाच ते सगळ्यात कमी पुरतं.

ही मर्यादा आली ती लाउंज सर्वांना विकायला लागल्यावर. विमान कंपनीचं पहिलं लाउंज म्हणून अमेरिकन एअरलाइन्सच्या ‘अॅडमिरल्स क्लब’चं नाव घेतात. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर तो १९३९ मध्ये सुरू झाला. तिथे जायला निमंत्रण लागायचं, दारात पैसे देऊन आत शिरायची सोय नव्हती. मोजक्या लोकांची ऊठबस, मग घड्याळ कशाला लावायचं? पुढे १९९२ मध्ये ‘प्रायॉरिटी पास’ आला आणि एका सदस्यत्वावर वेगवेगळ्या लाउंजांत जाता येऊ लागलं. १९९८ मध्ये हाँगकाँगचं नवं विमानतळ उघडलं, त्याच वर्षी ‘प्लाझा प्रीमियम’ने कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही वर्गाच्या प्रवाशाला पैसे भरून बसता येईल अशी लाउंजं सुरू केली. तिथून पुढे लाउंजवाल्याचा धंदा खुर्ची किती वेळा रिकामी होऊन पुन्हा भरते यावर चालू लागला. एक माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत खात-पीत बसला तर त्याच्या एका पासात तीन जणांची जागा आणि जेवण जातं. म्हणून घड्याळ.

माझ्या भाच्याने मध्यंतरी फोन केला होता. “मावशी, लाउंजचा पास आधीच काढून ठेवू का? अकरा तास आहेत मधे.” रात्री नऊला उतरणार, सकाळी आठला पुढचं विमान. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर, सामान थेट शेवटच्या ठिकाणी जाणार, पाठीवर एक सॅक. त्याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर हवं होतं. मी म्हटलं, “आधी कागद घे.”

विमान नऊला टेकलं तरी बाहेर पडणं, ट्रान्सफरच्या सिक्युरिटीची रांग, टर्मिनल बदलायचं असलं तर ती छोटी गाडी, यात पाऊण तास सहज जातो. म्हणजे पावणेदहा. दुसऱ्या टोकाला, आठच्या विमानाचं बोर्डिंग सात-सव्वासातला सुरू होणार आणि मोठ्या विमानतळावर गेटपर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल असते. लाउंजमधून पावणेसातला उठायलाच हवं. थोडक्यात, अकरातले नऊ तास त्याच्या हातात होते.

आता पासच्या अटी. तीन तासांच्या ओळीखाली अनेकदा आणखी एक ओळ असते: उड्डाणाच्या तीन तास आधीपासून प्रवेश. दोन्ही ओळी वाचताना सारख्याच वाटतात, पण त्या निराळ्या आहेत आणि लांब लेओव्हरवाल्याला खरा फटका या दुसरीने बसतो. पहिली सांगते किती वेळ बसायचं, दुसरी सांगते कधीपासून. ही अट जिथे कडक असते तिथे रात्री पावणेदहाला दारात उभं राहून उपयोग नाही. काउंटरवरची बाई बोर्डिंग पास स्कॅन करते, यंत्र लाल होतं, आणि ती सौम्य आवाजात सांगते की पहाटे पाचनंतर या. पाचला आत जायचं आणि पावणेसातला उठायचं, म्हणजे तीन तासांच्या पासातले हाती लागले पावणेदोन. उरलेला सव्वा तास बोर्डिंगच्या नावे गेला. पैसे मात्र पूर्ण तीन तासांचे.

सगळीकडे ही अट नसते. काही लाउंजवाले ट्रान्झिटच्या प्रवाशाला कधीही आत घेतात, तीन तास मोजतात आणि वेळ संपली की बाहेर काढतात. काही जण सहा किंवा त्याहून जास्त तासांचे मोठे पासही विकतात. म्हणून पास विकत घेण्याच्या पानावर किंमत बघण्याआधी या दोन ओळी शोधाव्यात. भाच्याच्या लाउंजला दुसरी ओळ होती. तो हिरमुसला. त्याच्या डोळ्यांसमोर रात्रभराचा कोच होता.

पण मला वाटतं, ती ओळ नसती तरीही रात्रीसाठी पास घेणं चुकीचंच ठरलं असतं. लाउंज ही बसायची जागा आहे. खुर्च्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट हात असतात, ते मुद्दाम असतात. आडवं व्हायला बंदी असल्याची पाटी कित्येक ठिकाणी दिसते. दिवे रात्रभर लखलखीत. एका कोपऱ्यात टीव्ही चालू, दर थोड्या वेळाने कुणाचा तरी गजर वाजतो, पहाटेच्या आसपास व्हॅक्युम क्लीनर फिरतो. डोळा लागला तरी मन अर्धं जागं असतं, कारण बहुतेक लाउंजांत उड्डाणांच्या अनाउन्समेंट करत नाहीत, आपलं आपण बोर्डाकडे बघायचं असतं. रात्रीच्या नऊ तासांत माणसाला हवी असते झोप. ती सोडून बाकी सगळं लाउंज देतं.

झोपेसाठी दोन रस्ते आहेत. एक फुकटचा. काही विमानतळांनी यासाठी खरंच चांगली सोय करून ठेवली आहे: सिंगापूरच्या चांगीत पाय पसरता येतील अशा खुर्च्यांच्या ‘स्नूझ लाउंज’ जागा आहेत, दोहाच्या हमद विमानतळावर कमी उजेडाच्या शांत खोल्या आहेत, आणि दोन्हीकडे पैसे पडत नाहीत. रात्री जितक्या लवकर पोहोचाल तितकी जागा मिळण्याची शक्यता जास्त. डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे, सॅकचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला, आणि मोबाइलमध्ये एकाऐवजी दोन गजर. बाकी काही लागत नाही. गजर लावताना मोबाइलचं घड्याळ तिथल्या वेळेवर आलंय ना, तेवढं बघून घ्यावं. फ्लाइट मोडमध्ये राहून गेलेला मोबाइल निघालेल्या गावाचीच वेळ दाखवत बसतो.

दुसरा रस्ता म्हणजे ट्रान्झिट हॉटेल. हे टर्मिनलच्या आतच असतं, इमिग्रेशन ओलांडावं लागत नाही आणि खोली दिवसाऐवजी तासांवर देतात, बहुधा सहा तासांच्या हिशेबाने. इथे मात्र नीट बघायला हवं. ‘विमानतळावरचं हॉटेल’ असं लिहिलेलं असलं तरी ते सिक्युरिटीच्या आत आहे की बाहेर, हे कळायलाच हवं. बाहेर असलं तर त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, तो नसेल तर बुकिंगचे पैसे गेले. आतलं हॉटेल मिळालं तर अंघोळ आपसूक आली, दिवा आपल्या हातात आला, दाराला कडी आली.

पैशांचं कसं पाहायचं? देशोदेशीचे भाव वेगळे, म्हणून मी पासची किंमत शंभर धरते आणि बाकीचं त्या प्रमाणात मोजते. मी पाहिलेल्या ठिकाणी सहा तासांची खोली साधारण अडीचशेच्या आसपास पडते. ज्याने त्याने आपल्या विमानतळाचे आकडे घालावेत, पण मोजायची पद्धत हीच ठेवावी. एकट्या माणसाला अडीचशे आणि शंभर हा फरक मोठा वाटतो. तरी तासाच्या भावाने पाहिलं तर खोली बेचाळीसला पडते. पास तीन तासांचा धरला तर तेहतिसाला आणि पावणेदोन तासांचा धरला तर सत्तावन्नला. एवढंच नाही, पासचा भाव माणशी असतो आणि खोलीचा खोलीमागे. नवरा-बायको दोघं असतील तर लाउंजला दोनशे आणि खोलीला अडीचशेच. तिसरं माणूस बरोबर असेल आणि खोलीत मावत असेल, तर लाउंजच महाग. दोघांनी रात्री लाउंजचे पास काढल्याचं ऐकलं की मला राहवत नाही, मी विचारतेच, “खोलीचा भाव बघितला होता का?” बहुतेकांनी बघितलेला नसतो, कारण खोली म्हणजे चैन आणि लाउंज म्हणजे सोय अशी आपली समजूत असते.

या सगळ्याच्याही आधी एक फोन करायचा असतो तो विमान कंपनीला. पुढचं उड्डाण कंपनीच्याच वेळापत्रकामुळे दुसऱ्या दिवशी येत असेल आणि मधे याहून लवकरचं जोडउड्डाण नसेल, तर काही कंपन्या ठरावीक तासांच्या पुढे हॉटेलची खोली स्वतः देतात. अटी असतात, तिकिटाचा वर्ग बघतात, बऱ्याचदा आधी मागावी लागते. दिवसाचा लेओव्हर असेल तर शहर दाखवायच्या फेऱ्याही असतात: चांगी विमानतळाची मोफत फेरी किमान साडेपाच तासांच्या लेओव्हरला मिळते, टर्किश एअरलाइन्स इस्तंबूलला सहा ते चोवीस तासांच्या लेओव्हरवाल्या आपल्या आंतरराष्ट्रीय प्रवाशांना फिरवून आणते. विमानतळाबाहेर जायचं म्हणजे त्या देशात प्रवेशाची परवानगी हवी, हे आलंच. भाच्याने विचारलं. त्याच्या मार्गावर मधे आणखी एक जोडउड्डाण होतं, ते सोडून त्याने स्वस्तातलं घेतलं होतं, त्यामुळे खोली नाही असं उत्तर आलं.

मग पहाटेचे पावणेदोन तास शंभराला घ्यावेत का, हा प्रश्न उरला. इथे मी थोडी बाजू बदलते, कारण पहाटेच्या वेळी लाउंजकडे एक गोष्ट असते जी बाहेर सहज मिळत नाही. अंघोळ.

रात्रभर कपड्यांत झोपलेल्या माणसाला गरम पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. पण लाउंजमधली अंघोळ म्हणजे रांग असते आणि ती रांग डोळ्यांना दिसत नाही, काउंटरवरच्या वहीत असते. आत गेल्यावर लोक आधी प्लेट घेतात, कॉफी घेतात, निवांत बसतात आणि अर्ध्या तासाने विचारतात, शॉवर कुठे? मग कळतं की नाव लिहावं लागतं. समजा शॉवरच्या दोन खोल्या आहेत. एका माणसाला वीस मिनिटं, त्यानंतर फरशी पुसणं, टॉवेल बदलणं, पायपुसणं बदलणं यात दहा. म्हणजे एका खोलीतून तासाला दोन माणसं आणि दोन्ही मिळून चार. तुमच्या आधी पाच नावं असतील तर नंबर लागायला तास-सव्वा तास. पाचला आत शिरून साडेपाचला नाव लिहिणाऱ्याला हाक येईल तेव्हा पावणेसात वाजत आलेले असतात. म्हणून पासाचं स्कॅनिंग होण्याआधीच विचारायचं: शॉवर आहे का, पासात धरलेला आहे की वेगळे पैसे, आणि आत्ता किती जण आधी आहेत. स्कॅन झाल्यावर पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे हे प्रश्न दाराबाहेर उभं राहून विचारायचे.

भाच्याच्या विमानतळावर पैसे देऊन अंघोळ करायची वेगळी सोयही होती, लाउंजबाहेर. तिचा भाव आमच्या मापाने चाळीस. बाहेरच्या काउंटरवर नाश्ता पंचेचाळीस, कॉफी पंधरा, पाण्याची बाटली पाच. एकूण एकशे पाच. पासाचे शंभर. म्हणजे तो अंघोळ करणार असेल तर हिशेब जेमतेम बरोबरीचा आणि अंघोळ चुकली तर पास सरळसरळ तोट्याचा, कारण पासष्टच्या खाण्या-पिण्याला तो शंभर मोजणार. बुफे आहे म्हणून पैसे वसूल होतात, हे मला तितकंसं पटत नाही. तीन तासांत कुणी दोनदा पोटभर जेवत नाही, आणि पहाटे पाचला तर अजिबात नाही. मद्य घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा. बाहेरच्या बारमध्ये दोन ग्लास घेणार असाल तर पास लवकर फिटतो. तिथेही काही ठिकाणी मोफत पेयांना मर्यादा असते, ती विचारून घ्यावी.

बसायची जागा मिळेल का, हे ओळखायची एक युक्ती आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. मोठ्या जोडविमानतळांवर उड्डाणं दिवसभर सारखी वाटलेली नसतात, ती लाटांनी येतात. आधी तास-दोन तास एकामागून एक विमानं उतरतात, प्रवासी अदलाबदल करतात, मग तासा-दोन तासांत ती सगळी उडतात. लाट उडायच्या आधीचे दोन तास लाउंज गच्च भरतं आणि लाट निघून गेली की चमचे-प्लेटांचा आवाजसुद्धा थांबतो. उड्डाणांच्या बोर्डासमोर उभं राहायचं आणि कुठल्या तासात ओळींची दाटी आहे ते बघायचं. दाटीच्या दोन तास आधी लाउंजकडे फिरकायचं नाही. दाटी संपली की जायचं. चार तास मधे असलेल्या प्रवाशाला ही निवड नसते, तो स्वतःच लाटेतला असतो. लांब लेओव्हरवाल्याकडे एवढी एक श्रीमंती असते, ती त्याने वापरावी.

गर्दीचा आणखी एक अर्थ आहे. लाउंज भरलं की दारात पाटी लागते आणि सगळ्यात आधी अडवतात ते बाहेरून पैसे देऊन आलेल्यांना नि कार्डवाल्यांना. विमान कंपनीचे बिझनेस क्लासवाले आत जातच असतात, कारण ती जागा मुळात त्यांच्यासाठी. आपल्याला विकलेल्या असतात त्या फक्त रिकाम्या वेळेतल्या खुर्च्या. वेळ ठरवून आधी आरक्षण केलेल्याला त्यातल्या त्यात बरी वागणूक मिळते. पण आधी आरक्षण केलं आणि पहिलंच विमान दोन तास उशिरा आलं तर ठरलेली वेळ टळते, आणि स्वस्तातल्या पासांना वेळ बदलायची किंवा पैसे परत घ्यायची सोय नसते. म्हणून माझा कल असा: रिकाम्या वेळेत जाणार असाल तर दारात पैसे द्या, थोडे जास्त गेले तरी चालतील, गर्दीतच जावं लागणार असेल तर आधी आरक्षण करा, आणि तेसुद्धा रद्द करता येणारं.

भाचा पाचला जाणार म्हणजे सकाळच्या लाटेच्या तोंडावरच. त्याला निवड नव्हती. मी सांगितलं, “पाचला पाच कमी असताना दारात उभा राहा आणि आधी वही बघ. वहीत तीनपेक्षा जास्त नावं असतील तर सरळ बाहेरच्या शॉवरला जा.” रात्री तो दोन गजर लावून एका मोफत आडव्या खुर्चीवर झोपला. पाचला गेला तेव्हा वहीत एकच नाव होतं. साडेपाचला अंघोळ झाली, सहापर्यंत खाणं, आणि पावणेसातला तो उठला. त्याचं म्हणणं, शंभर वसूल. माझ्या हिशेबाने पाच वाचले.

दोन वेगवेगळ्या तिकिटांवर प्रवास असता तर हे सगळं कोसळलं असतं. सामान घेऊन इमिग्रेशनबाहेर यावं लागतं, पुढच्या विमानाचा चेक-इन काउंटर उड्डाणाआधी तीन-चार तास उघडतो, आणि बोर्डिंग पास हातात नसेल तर लाउंजच्या दारात कुणी विचारतसुद्धा नाही. लाउंज आत आणि तुम्ही बाहेर. स्वस्त तिकिटांची जोडी जमवणारे पासही आधीच काढून ठेवतात, त्यांनी लाउंज सिक्युरिटीच्या कुठल्या बाजूला आहे हे बघितलं तरी पुष्कळ.

परतीच्या वाटेवर भाच्याला सहा तास मधे होते, दुपारचे. या वेळी त्याने मला विचारलं नाही. बोर्ड बघितला, बाराची लाट उडून जाऊ दिली, एक वाजता दारात पैसे भरले. त्याला एक लांबलचक अहवाल लिहून पाठवायचा होता. त्या विमानतळाचं मोफत वाय-फाय तासाभराने तुटत होतं आणि गेटजवळच्या प्लगपाशी माणसं फरशीवर बसलेली होती. लाउंजमध्ये टेबल होतं, प्लग होता, लघवीला जाताना लॅपटॉप शेजारच्या बाईंकडे सोपवता आला. जेवण त्याने चार वाजता, निघायच्या आधी घेतलं. शॉवरकडे तो फिरकलाही नाही, आणि तरी ते शंभर मला जास्त रास्त वाटतात.